दर चौकात वळलं म्हणून अंतर वाचत नाही

"रस्ते चौकटीचे असतील तर सरळ जाऊन एकदाच वळू नका. दर चौकात वळत गेलात की वाट तिरक्या रेषेला चिकटून जाते आणि अंतर वाचतं. आणि नकाशावर जे ठिकाण सरळ रेषेत जवळ, तेच चालायलाही जवळ."

असा सल्ला दिला जातो, पण त्यातले दोन्ही दावे चुकतात. आधी वळणांचं पाहू. समजा दर 100 मीटरवर चौक आहे आणि जायचंय पूर्वेला 300, उत्तरेला 400 मीटर. एकदाच वळणारा 700 मीटर चालतो. दर चौकात वळणाऱ्यालाही पूर्वेचे तीन आणि उत्तरेचे चार तुकडे चालावेच लागतात; बदलतो तो फक्त त्यांचा क्रम. मागे न फिरता जायच्या अशा 35 वाटा निघतात आणि प्रत्येक 700 मीटरचीच भरते. सरळ रेषा मात्र 500 मीटर.

चौक दहा-दहा मीटरवर आणले तरी तेच. लांबून वाट तिरकी दिसेल, पण करवतीचे दाते बारीक झाले तरी त्यांच्या कडांची एकूण लांबी घटत नाही. अंतर खरंच वाचतं ते तिरका रस्ता किंवा मोकळं मैदान मधे आलं तर.

वेळ वाचू शकतो, हे मान्य. दोन्ही दिशांचं अंतर शिल्लक असेल, तर लाल सिग्नलपाशी थांबण्याऐवजी जो रस्ता ओलांडायला मोकळा आहे तो धरता येतो. एका दिशेचं अंतर आधीच संपवून टाकलं की ही सोय गेली. दाव्याचा उगम बहुधा इथेच असावा: लवकर पोचलो, म्हणजे कमी चाललो!

दुसरा मुद्दा जास्त फसवतो. एक दुकान नाकासमोर 500 मीटरवर, दुसरं पूर्वेला 300 आणि उत्तरेला 300. सरळ रेषेत दुसरं जवळ, साधारण 424 मीटर. चालायला मात्र ते 600 आणि पहिलं 500. क्रमच उलटला. यावर काही जण सरळ अंतराला सरसकट 1.3 ने गुणतात. सरासरी अंदाजाला ते चालून जाईल, पण सगळ्यांना एकाच आकड्याने गुणल्यावर क्रम जसाच्या तसा राहतो, म्हणजे चूकही राहते. खरा फरक दिशेवर ठरतो: रस्त्याच्या रेषेत शून्य, 45 अंशांवर सुमारे 41 टक्के.

मग सरळ अंतर कशाला? ड्रोनला आणि भोंग्याच्या आवाजाला तेच लागू. शिवाय चाळणी म्हणून ते उत्तम. 500 मीटर चालण्याच्या टप्प्यातली दुकानं हवी असतील, तर आधी 500 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. चालायचं अंतर सरळ अंतरापेक्षा कमी असूच शकत नाही, त्यामुळे कामाचं एकही दुकान वर्तुळाबाहेर सुटत नाही. आत नको असलेली काही येतात, ती रस्त्याने मोजून गाळायची.