आठाचा नऊ आणि एकवीस हजार

आमचं विजेचं बिल साधारण साडेसातशे-आठशे येतं, लय म्हणजे नऊशे, आणि मे महिन्यात जे आलं ते एकवीस हजारांच्या पुढे होतं. पहिल्यांदा मला वाटलं शेजारच्या रिसॉर्टचं आपल्या पडवीत टाकून गेले. पण नाव माझं, ग्राहक क्रमांक माझा, आणि वर मीटरचा फोटोपण आमच्याच मीटरचा, मागे आईने लावलेली स्वस्तिकाची पट्टी दिसते ना ती.

युनिट किती? तर 1,104. आमच्या घरात आहे काय, चार एलईडी, दोन पंखे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, आणि विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप जो अर्धा तास चालून दम टाकतो. तात्या (आमच्या वाडीतले रिटायर्ड हेडक्लार्क, अख्ख्या वाडीचे अर्ज ह्यांच्या हाताखालून जातात) बिल बघून म्हणाले, "झिला, घरात भाताची गिरण घातलंस काय?"

मी त्याच रात्री पत्र लिहायला बसलो. चार पानं झाली. सुरुवात आजोबांपासून, त्यांनी कंदिलाच्या उजेडात कसं शिक्षण घेतलं, मग आमच्याकडे लाइट कधी आली, ती पावसाळ्यात किती वेळा जाते, मग भ्रष्टाचार, मग "सामान्य माणसाने जगायचं कसं" वगैरे. तात्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, बाकीची तीन नुसती मोजली. "अर्जात रडूचा नसता. आकडो लिही, तारीख लिही, काय होया ता लिही, आणि गप ऱ्हव."

मग आकडे काढले, म्हणजे जुनी बिलं ज्या डब्यात आई रेशनकार्ड आणि सोलाची रेसिपी ठेवते तो डबा उघडला. 5 मार्चचं रीडिंग 8117. 5 एप्रिलचं 8212, म्हणजे 95 युनिट, बरोबर. आणि 5 मेचं? 9316. आमच्यासारख्याचा मीटर एका महिन्यात हजार युनिट उडी मारतोच कसा, असं म्हणत मी टॉर्च घेऊन पडवीत गेलो आणि तिथे मला गुन्हेगार सापडली.

कुंभारीण. ती कंबर बारीक असलेली माशी, जी मातीच्या गोळ्यांची घरटी बांधते, दाराच्या चौकटीत, स्विचबोर्डात, देवाच्या फोटोमागे, कुठेही. तिने मीटरच्या पेटीच्या काचेवर चिखलाचा एक ठिपका लावून घराचं भूमिपूजन केलेलं, बोटाच्या टोकाएवढा, आणि तो नेमका पहिल्या आकड्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर. ह्या मीटरचे आकडे सात छोट्या काड्यांचे असतात. आठात सातही काड्या पेटतात. त्यातली डावीकडची खालची काडी झाकली की आठाचा नऊ होतो. बास. रीडिंगवाल्याची काही चूक नाही हो, त्याने जे दिसलं ते टिपलं, फोटोपण काढला, आणि फोटोत नऊच आहे!

आई लगेच झाडू घेऊन आली. मी मीटरसमोर आडवा उभा राहिलो. "आई, पुरावा आहे तो!" आई म्हणाली पुरावा भिंत घाण करतो. शेवटी दोघांच्यात तह झाला, आधी रीडिंगवाला जिथून बघतो तिथूनच चिखलासकट फोटो, आणि मग काच बाहेरून ओल्या फडक्याने पुसून सलग व्हिडिओ. सलग का, तर आधी मीटरचा नंबर दिसला पाहिजे आणि कॅमेरा न थांबवता तिथूनच युनिटचा आकडा, नाहीतर म्हणतील दुसऱ्याच मीटरचा काढलाय. आणि त्या डिस्प्लेवर तारीख, व्होल्टेज असं काय काय फिरत असतं, त्यामुळे kWh लिहिलेला आकडा येईपर्यंत हात न हलवता उभं राहायचं, मला वाटतं योगासनं ह्याहून सोपी. सीलला मात्र बोट लावलं नाही, नाहीतर बिल राहिलं बाजूला आणि छेडछाडीची केस व्हायची.

पुसल्यावर दिसलं 8368. तारीख 19 मे.

तिथे माझी ट्यूब पेटली. 19 मेला मीटर 8368 दाखवतोय, तर 5 मेला तो 9316 असूच शकत नाही. मीटर काय समुद्र नाही भरती-ओहोटी यायला, तो पुढेच जातो. बाकी सगळे मुद्दे, अगदी आमचा मंजूर भार एक किलोवॅट आहे, तो तीस दिवस रात्रंदिवस पूर्ण वापरला तरी 720 युनिटच होतात, हे सगळं शोभेला. चौदा दिवसांत 52 युनिट, म्हणजे दिवसाला पावणेचार, त्या हिशोबाने मागे गेलं की 5 मेचं खरं रीडिंग 8316 च्या आसपासच येतं. 8316 मधून 8212 गेले, उरले 104. आमचं नेहमीचं बिल.

आणि एकवीस हजार का, तर नुसती हजार युनिटं जास्त नाहीत, ती जिना चढतात. पहिली शंभर स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, पाचशेपर्यंत अजून, आणि पाचशेच्या वर विचारू नका. आणि त्यावर सोळा टक्के वीज शुल्क.

ऑफिसात खिडकीवरच्या साहेबांनी सांगितलं, आधी भरा, पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल. वर हेपण, "मे महिना आहे, चाकरमानी आले असतील, एसी लावला असेल." अहो वापर एप्रिलचा, चाकरमानी अजून बोरिवलीत, आणि आमच्याकडे एसी म्हणजे पडवीतला झोपाळा. पण तात्यांनी पढवून पाठवलेलं, भांडायचं नाही, कागद द्यायचा. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 मधे सोय आहे, बिलावर वाद असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम हरकत राखून भरायची, मग वाद मिटेपर्यंत लाइट तोडता येत नाही. शेवटी पत्र एवढंच झालं:

"5 मेच्या बिलातील चालू रीडिंग 9316 चुकीचे आहे. 19 मे रोजी मीटर 8368 दाखवत आहे, व्हिडिओ सोबत. काचेवरील मातीमुळे 8 हा 9 वाचला गेला, फोटो सोबत. कृपया जागेवर तपासणी करून 8316 प्रमाणे सुधारित बिल द्यावे. तोपर्यंत कलम 56 नुसार सरासरी रक्कम हरकत राखून भरत आहे."

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हापण तात्यांचाच नियम. घाई एवढ्यासाठी की 5 जूनचं रीडिंग आलं असतं 8420 वगैरे, म्हणजे मागच्यापेक्षा कमी, मग मीटर फॉल्टी धरून सरासरी लावतील आणि त्या सरासरीत ती 1,104 पण घुसतील, अशी मला भीती. मागच्या तीन बिलांची युनिटं 92, 95 आणि 1,104, काढा सरासरी. चारशे तीस!

आठवड्याने वायरमन आला, मीटर बघितला, सही घेतली, चहा घेतला. जूनमधे सुधारित बिल आलं, 104 युनिट.

मी पेढे घेऊन तात्यांकडे गेलो तर ते स्वतःच्या मीटरसमोर स्टुलावर उभे. त्यांच्याकडे कुंभारणीने वरच्या काडीवर ठिपका लावलेला, सातचा एक दिसत होता, दशकाच्या जागी, म्हणजे बिलात साठ युनिटं कमीच लागली होती.

"तात्या, ही पुढच्या रीडिंगला आपोआप अंगावर येणार हां. पत्र लिहूया?"

तात्या स्टुलावरून उतरले, पेढा तोंडात टाकला. "गप ऱ्हव."