बारा टक्क्यांचं कर्ज पावणेसोळाच्या पुढे कसं जातं

"सँक्शन लेटर वाचत बसू नका, सगळ्यांना तोच छापील मजकूर असतो. व्याजदर आणि ईएमआय बघा आणि सही करा. प्रोसेसिंग फी किरकोळ असते, विमा सक्तीचाच असतो आणि प्रीपेमेंटचा दंड तर रिझर्व्ह बँकेने कधीच बंद केलाय."

सँक्शन लेटर, म्हणजे कर्ज मंजुरीचं पत्र, हातात आलं की असा सल्ला हमखास ऐकू येतो. मजकूर छापील असतो हे खरं, पण त्यातले आकडे तुमचे असतात. ते किती फरक पाडतात हे एका वैयक्तिक कर्जावर बघू. रक्कम 5 लाख, मुदत 36 महिने, व्याज 12 टक्के स्थिर. ईएमआय येतो सुमारे 16,607 रुपये.

आता फी. 2 टक्के म्हणजे 10,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 11,800 रुपये. त्यात 15,000 रुपयांचा विम्याचा हप्ता धरा. दोन्ही रकमा कर्ज देतानाच कापून घेतल्या तर खात्यात 4,73,200 रुपयेच जमा होतात, व्याज मात्र पूर्ण 5 लाखांवर चालू राहतं. हातात पडलेल्या पैशाच्या हिशेबाने वार्षिक खर्च सुमारे 15.9 टक्के निघतो. ईएमआय एका रुपयानेही बदललेला नसतो, म्हणून फक्त ईएमआय बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

हा खरा दर शोधायला गणित करावं लागत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या रिटेल मुदत कर्जांसोबत 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे केएफएस, देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यातली 'एपीआर', म्हणजे खर्चासकट धरलेल्या वार्षिक दराची ओळ आधी शोधा. फी आणि कर्जदात्यामार्फत वसूल होणारा विम्याचा खर्च त्या दरात धरलेला असायला हवा. वरच्या उदाहरणात तिथे 12 च्या आसपासचा आकडा दिसला, तर काहीतरी बाहेर ठेवलंय हे नक्की. केएफएसमध्ये न दाखवलेला कोणताही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मुदतभर कधीच घेता येत नाही. म्हणून कर्जासोबत आणखी कशाकशावर तुमची सही किंवा ओटीपी घेतला जातोय, हे जपून बघा. ती संमती बहुतेक वेळा तिथेच लपलेली असते.

विमा सक्तीचा असतो, हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण इथे लोक निमूटपणे पैसे देतात. घरकर्जात तारण ठेवलेल्या घराचा विमा उतरवायची अट बँक घालू शकते, ती गोष्ट वेगळी. पण बँक विमा विकते तेव्हा तो घेणं पूर्णपणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे, असं रिझर्व्ह बँकेचे नियमच सांगतात. "विमा घेतल्याशिवाय फाइल पुढे जात नाही" असं कोणी म्हणालं, तर ते ईमेलवर लिहून मागा. विमा हवाच असेल तर संरक्षण किती, मुदत कर्जाइतकी आहे का, आणि कर्ज लवकर फेडल्यास उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो का, हे विचारा. आधीच गळ्यात पडला असेल, तर वैयक्तिक पॉलिसीसाठी कागदपत्रं मिळाल्यापासून 30 दिवसांचा फ्री-लूक काळ असतो. गट विम्यात काय सोय आहे ते विम्याच्या सर्टिफिकेटवर बघावं लागेल.

प्रीपेमेंटबद्दलचं विधान अर्धंच खरं आहे. दंड बंद झालाय तो मुख्यतः व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर. बहुतेक वैयक्तिक कर्जं स्थिर दराची असतात, आणि तिथे पत्रातलं कलम लागू होतं. आपल्या उदाहरणात 12 हप्त्यांनंतर सुमारे 3,52,800 रुपये मुद्दल उरतं. तेव्हाच कर्ज फेडलं तर पुढचं 45,800 रुपये व्याज वाचतं. पण कलमात 4 टक्के फोरक्लोजर चार्ज असेल, तर 14,100 रुपये तिकडे जातात. शिवाय पहिल्या किती हप्त्यांपर्यंत फेडताच येत नाही, अंशतः फेड वर्षातून कितीदा चालते, तेही त्याच परिच्छेदात असतं. घरकर्ज 'पहिली काही वर्षं स्थिर, मग फ्लोटिंग' असं असेल, तर ज्या दिवशी फेडाल त्या दिवशी दर कोणता चालू आहे, त्यावर दंड ठरतो.

घाई करण्याचंही कारण नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाचा केएफएस किमान तीन कामकाजाचे दिवस वैध ठेवावा लागतो, त्या काळात होकार दिला तर त्याच अटी कर्जदात्यावर बंधनकारक असतात. फी कमी करून मागायची, विमा काढून टाकायचा, तर याच तीन दिवसांत लेखी मागा आणि नवा केएफएस हातात येईपर्यंत ओटीपी देऊ नका. फी कमी करायला बँका बऱ्याचदा तयार होतात. सही झाल्यावर मात्र विचारायला जागाच उरत नाही. आणि पैसे जमा झाले की खात्यातली रक्कम केएफएसमधल्या निव्वळ रकमेशी त्याच दिवशी ताडून बघा.