११६ दिवस शिल्लक

सिग्नलला हवालदारांनी हात केला तेव्हा मी मनातून खूश झालो. आयुष्यात पहिल्यांदाच माझी कागदपत्रं जागेवर होती. नुसती जागेवर नव्हती, तर गूगल शीटमध्ये होती, रंगीत होती. जानेवारीतला एक अख्खा रविवार खर्च करून मी घरातल्या समस्त मुदतींची नोंद केली होती. पासपोर्ट, स्कूटरचा इन्शुरन्स, पीयूसी, मिक्सरची वॉरंटी, सगळं त्यात होतं. शीटला मी 'मुदतपेटी' असं नावही दिलं होतं. बायकोनं त्याच दिवशी विचारलं होतं, "अहो, माळ्यावरची खरी पेटी कधी आवरताय?" पण तो विषय वेगळा.

"पीयूसी?" हवालदार म्हणाले.

मी मोबाइल पुढे धरला. पीयूसीच्या ओळीत हिरव्यागार रंगात लिहिलं होतं : ११६ दिवस शिल्लक.

त्यांनी गाडीचा नंबर आपल्या मशीनमध्ये टाकला. "११ जुलैला संपलीय. आज १४."

"पण यात तर..."

"साहेब, ते तुम्ही लिहिलंय. हे सरकारनं लिहिलंय."

पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे वाक्य मी शीटच्या शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच लिहून ठेवलं होतं. तेही त्यांना आयतं वाचायला मिळालं. मला किती पडला ते सांगत नाही, कारण घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

घरी येऊन शीट उघडली. तारखेच्या रकान्यात ठळक दिसत होतं, 11/07/2025. बरोबर तर आहे! मग ११६ दिवस आले कुठून? बोटांवर मोजलं तेव्हा उजेड पडला. १४ जुलैपासून ११६ दिवस म्हणजे ७ नोव्हेंबर. माझी शीट अमेरिकन निघाली. खातं उघडताना कधीतरी भाषा इंग्रजी निवडली होती, त्यासोबत तिचं लोकेलही, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीनं वाचायच्या ते ठरवणारं सेटिंग, अमेरिकेचं झालं होतं. तिकडे आधी महिना, मग दिवस. माझा अकरावा दिवस तिनं अकरावा महिना मानला, आणि लिहिलेलं दोन्हीकडे सारखंच दिसत असल्यानं मला वर्षभर पत्ता लागला नसता. फोनच्या कॅलेंडरमध्ये 'सात दिवस आधी' असा गजर लावला होता, तोही याच रकान्यावरून. म्हणजे तो ३१ ऑक्टोबरला वाजणार होता. वरातीमागून घोडं असतं, हे तर साडेतीन महिन्यांनी निघणार होतं.

खरी मजा पासपोर्टच्या ओळीत होती. तारीख होती 23/03/2026. तेविसावा महिना जगात कुठेच नसतो, म्हणून शीटनं ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर मानला. हे ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. माझ्या निम्म्या तारखा उजवीकडे आणि निम्म्या डावीकडे बसल्या होत्या, लग्नातल्या दोन्हीकडच्या पाहुण्यांसारख्या. मला वाटलं होतं, असेल काही डिझाइन.

मग पासपोर्टच्या ओळीत चूक दिसायला हवी होती ना? दिसत होती. जानेवारीत तिथे #VALUE! असं आलं होतं. ते फार कुरूप दिसतं म्हणून मी सूत्रच बदललं :

```
=IFERROR(C4-TODAY(),"")
```

म्हणजे चूक झाली तर रकाना कोरा ठेव. शीट बिचारी बोंबलून सांगत होती आणि मी तिच्या तोंडात बोळा कोंबला होता. कोरा रकाना लालही होत नाही. तो काही बोलतच नाही.

"बघू," म्हणत बायको शेजारी येऊन बसली. तिची ताई सिंगापूरला असते आणि यंदाची दिवाळी तिकडे करायचं ठरत होतं. माझा पासपोर्ट मार्चपर्यंत, दिवाळी ऑक्टोबरात, म्हणजे पाच महिने हातात. मी निश्चिंत. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तिथे शिरताना सहा महिने शिल्लक लागतात." म्हणजे छापलेली तारीख मार्चची असली, तरी सिंगापूरच्या दृष्टीनं माझा पासपोर्ट २३ सप्टेंबरलाच म्हातारा होत होता. आणि नवा काढायला अर्ज तर मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो, म्हणजे मी मार्चपासूनच मोकळा होतो. तात्काळमध्ये गेलो तर नेहमीच्या १,५०० रुपयांवर आणखी २,००० लागतात. तो आकडा ऐकून आईनं आतून "हरे राम" म्हटलं.

तेव्हा कळलं की सगळ्या मुदतींना 'सात दिवस आधी' असा एकच गजर लावणं हाच गाढवपणा होता. पासपोर्टला तो वर्षभर आधी हवा :

```
=EDATE(C4,-12)
```

इन्शुरन्सला महिनाभर पुरतो. तिथे लवकर पैसे भरले तरी नवी पॉलिसी जुनी संपल्यावरच सुरू होते, एक दिवसही वाया जात नाही. पीयूसीचं उलटं. तिचं वर्ष तपासणीच्या दिवसापासून मोजतात, महिनाभर आधी गेलात तर महिना फुकट गेला. तिला आठवडाभर आधीची हाक बरोबर. वॉरंटीचं नूतनीकरण नसतंच, तिथे गजराचा अर्थ एवढाच, की आता खोड शोधा. मिक्सरचा गजर झाला की घरातल्या सगळ्यांनी भोवती बसून त्याचा आवाज ऐकायचा आणि तक्रार मुदतीच्या आत नोंदवायची. आमचा मिक्सर दोन महिने घरघरतोय, पण त्याच्या बिलावरची शाई उडून आता तो निव्वळ पांढरा, गुळगुळीत कागद उरलाय. असल्या बिलाचा फोटो दुकानाच्या पायरीवरच काढायचा असतो.

इन्शुरन्सच्या ओळीला हात लावायची हिंमत होत नव्हती. तिथे 11/07/2028 असं होतं. अमेरिकन धरा की देशी, तीन वर्षं निवांत. पण बायकोनं मूळ कागद आणायला लावला. त्यावर तारखा दोन निघाल्या. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, तो २०२८ पर्यंत होता. म्हणूनच सिग्नलला विम्याचं काही निघालं नाही. पण आपल्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग एकाच वर्षाचा होता आणि तो ११ जुलै २०२४ लाच संपला होता. मी त्यातली लांबची तारीख उतरवून घेतली होती. माणसाचा स्वभावच तसा. क्लेम न केल्याबद्दल पहिल्या वर्षाला २० टक्के सवलत मिळते, पण मुदत उलटून ९० दिवस गेले की ती बुडते. इथे ३६८ दिवस गेले होते.

दुसऱ्या दिवशी पीयूसी केली. पेट्रोल पंपाच्या कडेच्या व्हॅनमधल्या मुलानं नळी घातली, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि कागद हातात दिला. मुदत १४ जुलै २०२६. घरी येऊन शीटचं लोकेल भारताचं केलं, तरी आधी चुकीच्या बसलेल्या तारखा तशाच राहिल्या. एकेक पुसून पुन्हा टाकत बसलो.

आईनं तो कागद मागून घेतला. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून यायचं होतं, म्हणून तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान उलटवलं आणि मागे, दुधाच्या हिशेबाखाली, लाल पेननं लिहिलं : 'चौदा जुलै. स्कूटरचा धूर.'

"आई, आकड्यात लिही की," मी म्हणालो.

"आकड्यातच तर घोळ झाला ना तुझा?" ती म्हणाली आणि खाली अजून एक ओळ लिहिली : 'याला सात तारखेला आठवण करणे.'