कंपनी डिग्री विचारत नाही, व्हिसाचं ऑफिस विचारतं

“दादा, आमचा ओंकार दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडतो म्हणतोय. क्लाउडची सर्टिफिकेटं काढणार, केलेलं काम गिटहबवर टाकणार. तुमच्या जर्मनीत म्हणे डिग्री कुणी बघतच नाही. खरं आहे का रे?” – मामेबहीण, इचलकरंजी

अर्धं खरं आहे. मी स्टुटगार्टमध्ये ज्या टीममध्ये काम करतो तिथे उमेदवाराला कॉलेजबद्दल सहसा कुणी विचारत नाही. पण आम्ही हो म्हटलं की फाइल व्हिसासाठी जाते, आणि त्या टेबलावर गिटहब कुणी उघडत नाही. तिथे कागद चालतो.

ओंकारने ऐकलेला नियम खराच आहे. इथलं ब्लू कार्ड म्हणजे एरवी पदवीधरांसाठी असलेला नोकरीचा परवाना. नोव्हेंबर 2023 पासून आयटीवाल्यांना तो डिग्रीशिवायही मिळू शकतो. त्यासाठी मागच्या 7 वर्षांत किमान 3 वर्षांचा अनुभव हवा, तोही पदवीधराच्या तोडीच्या कामाचा. हातात नोकरीची ऑफर हवी आणि पगार ठरलेल्या रकमेच्या वर हवा. 2025 साली ही रक्कम वर्षाला साधारण 43,760 युरो होती. साध्या वर्क व्हिसाचा दुसरा रस्ता आहे, तिथे मागच्या 5 वर्षांतली 2 वर्षं पुरतात, पगाराची अट जवळपास तेवढीच. दोन्हीकडे सर्टिफिकेटांना अनुभवाची जागा घेता येत नाही. मोजली जातात ती वर्षं, आणि तीही तारखेनिशी कागदावर असतील तरच.

मागे आमच्याकडे सातारा भागातल्या एका मुलाची मुलाखत झाली, तेव्हा हे जवळून बघायला मिळालं. त्यानेही दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेलं. आधी दीड वर्ष गावाकडच्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर सांभाळलं, मग पुण्यातल्या एका कंपनीत सोळा महिने. सीव्हीवर एडब्ल्यूएसचं, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडचं सर्टिफिकेट होतं. आम्ही त्यावर दोन मिनिटंही घालवली नाहीत. सर्टिफिकेटाचा राग नाही, पण 65 पर्यायी प्रश्न 130 मिनिटांत सोडवले, एवढंच त्यातून कळतं, आणि तीन वर्षांनी त्याची मुदत संपते. कुबरनेटीज या अनेक सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या साधनाची सीकेए परीक्षा त्यापेक्षा बरी. दोन तास कमांड लाइनवर बसवून खरंच बिघडलेलं दुरुस्त करायला लावतात.

आम्ही उघडलं ते त्याचं दूधवालं काम. लिटर, फॅट, दहा दिवसांचं बिल, दिसायला साधंच. पण `git log` मध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत, दीड वर्षाची हालचाल होती. बहुतेकांच्या ठिकाणी एका रात्रीत चढवलेली एकच नोंद असते, आणि आत कुठल्यातरी कोर्सचा सर्वांनीच केलेला प्रकल्प. याच्याकडे एका रात्रीची हकीकत लिहिलेली होती: वीज गेली, बॅकअपची फाइल अर्धवट राहिली, आणि ते कळलं थेट बिल काढायच्या दिवशी. त्यानंतर त्याने रोज बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवून ओळी मोजायला सुरुवात केली:

```
dropdb --if-exists tapasni
createdb tapasni
pg_restore -d tapasni dairy.dump
psql -d tapasni -c "select count(*) from milk_entry;"
```

माझे एक ज्येष्ठ सहकारी इथल्या उद्योग व वाणिज्य मंडळाच्या परीक्षेत मानद परीक्षक आहेत. त्यांनी विचारलं, “आकडा जुळला नाही तर?” मुलगा म्हणाला, “बिल थांबवतो आणि केंद्राच्या मालकांना फोन करतो.” दोन माणसं एकाच वेळी नोंद करायला लागली तर, या प्रश्नावर म्हणाला की तसं कधी करून बघितलं नाही. सहकाऱ्यांनी तिथेच होकार लिहिला.

आणि व्हिसा अडला. संकलन केंद्रातलं दीड वर्ष रोखीतलं होतं. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची स्लिप नाही, बँकेत नोंद नाही. ते गळाल्यावर उरले सोळा महिने, म्हणजे तीन वर्षांत बसत नाही आणि दोनातही नाही. जागा रिकामी ठेवून कंपनी थांबली नाही. आधी महिना पाच हजार का होईनात, पण खात्यात जमा झाले असते आणि मालकांनी दरवर्षी चार ओळींचं पत्र दिलं असतं, तर दाखवायला निदान काहीतरी असतं.

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या गप्पांत सांगितलं, तर एक काका म्हणाले, “म्हणूनच सांगतो, डिग्री घ्या. मी सीओईपीचा, मला कुणी अडवलं नाही.” त्यांना कुणी अडवणारच नव्हतं, पण प्रश्न कॉलेज सोडलेल्या मुलाचा होता. दुसऱ्या एकाने ऑपॉर्च्युनिटी कार्ड, म्हणजे इथे येऊन नोकरी शोधायचा परवाना, सुचवलं. त्याला डिग्री किंवा सरकारमान्य किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण लागतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेला पोरगा अर्ज करू शकतो, नुसतं क्लाउड सर्टिफिकेटवाला नाही. ही गंमत आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते.

आपल्याकडचा वाद ‘डिग्री की कौशल्य’ असा चालतो. इथेही कॉलेज सोडणारे पुष्कळ आहेत, फरक असा की त्यांच्यासाठी कौशल्य तपासून कागद देणारी यंत्रणा आहे. आउसबिल्डुंग म्हणजे तीन वर्षं कंपनीत पगारी काम आणि सोबत शाळा. त्यात सॉफ्टवेअरवाल्याला शेवटी कंपनीतलाच एक खरा प्रकल्प 80 तासांत करावा लागतो. विषय आधी मंजूर करून घ्यायचा, मग अहवाल लिहायचा, मग परीक्षकांसमोर पंधरा मिनिटं मांडायचा आणि त्यानंतर उलटतपासणी. शिवाय प्रशिक्षण न घेता त्याच्या दीडपट काळ, म्हणजे साडेचार वर्षं, त्या धंद्यात काम केल्याचं दाखवलं तर थेट परीक्षेला बसता येतं. कौशल्याच्या बाजूने बोलणारे आपले लोक हे सोडून देतात: इथे कौशल्यालाही परीक्षा आहे, आणि ती कडक आहे. आउसबिल्डुंगला ओंकार बारावीवर येऊ शकेल, पण आधी बी1 पातळीचं जर्मन, मग घेणारी कंपनी शोधणं, आणि इथे आल्यावर सुरुवातीला महिना हजार-बाराशे युरोत भागवणं. माझ्या सहकाऱ्यांच्या मते त्याने हेच करावं. मला तसं वाटत नाही. विशीतल्या मुलाने आधी घराजवळ दोन वर्षं पगारी काम करून पाहावं. आमचा हा वाद मिटलेला नाही.

ओंकारला एवढं सांग. कॉलेज सोडायचंच असेल तर दुसरं वर्ष पूर्ण पास करून सोड. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे आणि क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं अॅकॅडमिक बँकेत राहतात, पण तुझ्या कॉलेजने ते लागू केलंय का, ते ऑफिसमध्ये जाऊन लेखी विचार. पहिली नोकरी निवडताना पगारापेक्षा पत्र आणि पीएफ बघ. आणि संध्याकाळी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी चालू ठेव. एमपीएससीच्या बऱ्याच पदांना कुठलीही पदवी चालते, पण पदवी लागतेच, आणि तो दरवाजा विसाव्या वर्षी बंद करायचं काही कारण नाही.

गिटहबवर काय टाकू असं तो विचारेल. गल्लीतल्या यंत्रमागवाल्यांच्या सुताच्या बिमांचा हिशोब अजून वहीत असेल, तर तिथून सुरुवात कर म्हणावं. फक्त त्यांच्याकडून पैसे घे, खात्यात घे, आणि वर्षाअखेर पत्र माग.