रिझल्टच्या स्ट्रॅडलमध्ये शेअर हलूनही पैसे का जातात

शेअरच्या चालू भावाजवळचा कॉल आणि पुट एकदम घेणं म्हणजे स्ट्रॅडल. त्याबद्दल असा सल्ला मिळतो: “रिझल्टच्या आधी अ‍ॅट द मनी कॉल आणि पुट दोन्ही घेऊन ठेवा. शेअर वर जावो की खाली, एक बाजू दुसरीचा तोटा भरून काढतेच. तोटा फक्त शेअर जागचा हललाच नाही तर होतो, आणि रिझल्टला शेअर हलतोच. आठ-दहा दिवस आधी घेतलं तर आयव्ही, म्हणजे प्रीमियममध्ये धरलेली व्होलॅटिलिटी, वाढण्याचा फायदा वेगळा मिळतो. समजा दुसऱ्या दिवशी प्रीमियम पडला, तर घाबरू नका, एक्सपायरीपर्यंत धरा.”

रिझल्टला शेअर हलतो हे खरंच आहे. अडचण अशी की ते ऑप्शन विकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि त्याने त्याची किंमत आधीच लावलेली असते. म्हणून शेअर हलला की नाही याने काही ठरत नाही. प्रीमियममध्ये जेवढी हालचाल धरली होती त्यापेक्षा तो जास्त हलला का, एवढाच प्रश्न उरतो.

एक उदाहरण घेऊ. शेअर १००० वर आहे आणि एक्सपायरीला ट्रेडिंगचे १० दिवस उरलेत. रिझल्ट आज बाजार बंद झाल्यावर येणार आहे. एरवी या शेअरची वार्षिक व्होलॅटिलिटी २८ टक्के असते, म्हणजे दिवसाला साधारण १.७६ टक्के. रिझल्टच्या एका दिवसासाठी मात्र बाजाराने ६ टक्के धरलेत. हे दोन्ही आकडे प्रमाण विचलनाचे आहेत आणि त्यांची थेट बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. साध्या नऊ दिवसांचे १.७६ च्या वर्गाने मिळून २८, रिझल्टच्या एका दिवसाचे ३६, एकूण ६४. त्याचं वर्गमूळ ८ टक्के. अ‍ॅट द मनी स्ट्रॅडलची किंमत या आकड्याच्या साधारण ०.८ पट निघते, म्हणजे ६४ पॉइंट. व्याज आणि स्क्यू इथे बाजूला ठेवलेत. स्क्रीनवर आयव्ही ४० टक्क्यांच्या आसपास दिसेल.

आता वर्गांच्या बेरजेतल्या त्या ६४ पैकी ३६ नीट पाहा. दहा दिवसांच्या हिशेबातला निम्म्याहून जास्त भाग एका रात्रीचा आहे. रिझल्ट आला की तो भाग संपला, मग बातमी चांगली असो वा वाईट. सकाळी बाजार उघडतो तेव्हा उरलेल्या नऊ साध्या दिवसांचाच भाव राहतो आणि आयव्ही ४० वरून २८ वर येते. शेअर १००० वरच उघडला तर स्ट्रॅडल ४२ ला मिळेल. १०३० ला उघडला, तर कॉल सुमारे ४० चा आणि पुट १० चा होतो, मिळून ५०. शेअर एका रात्रीत ३ टक्के वर गेला आणि खरेदीदाराचे १४ पॉइंट गेले! सकाळी ६४ परत दिसायला शेअर साडेपाच टक्क्यांच्या आसपास हलायला हवा. ८ टक्के हलला तर स्ट्रॅडल ८३ पर्यंत जातो आणि तिथे खरा फायदा दिसतो.

म्हणून “एक बाजू दुसरीचा तोटा भरून काढतेच” हे वाक्य अर्धंच आहे. पुटने शेअर वर गेल्यामुळे पैसे गमावले, ते कॉल भरून देतो. पण आयव्ही पडल्याने दोन्ही बाजूंची किंमत एकदमच उतरते, आणि ते भरून द्यायला तिसरी बाजू नसते.

इथे एक गोष्ट खरेदीदाराच्या बाजूनेही सांगायला हवी. वरचा स्ट्रॅडल महाग नाही, गणिताने अगदी वाजवी भावाचा आहे. तरीही नेहमीच्या घंटाकृती वितरणाने पाहिलं, तर साडेपाच टक्क्यांपलीकडची हालचाल तीनातून साधारण एकदा येते. म्हणजे भाव वाजवी असूनही तीनपैकी दोनदा सकाळी तोटा दिसणार, आणि एखादी मोठी उडी ते सगळं भरून काढणार. त्यामुळे सलग चार-पाच रिझल्टला पैसे गेले म्हणून “स्ट्रॅडल विकणंच बरं” असा निष्कर्ष काढणाराही तितकाच चुकतो. विकणाऱ्याच्या वाट्याला तीच मोठी उडी उलट्या बाजूने येते, आणि रात्रीच्या गॅपमध्ये स्टॉपलॉस कामाला येत नाही.

लवकर खरेदी करून आयव्ही वाढण्याचा फायदा घ्यायचा, हा सल्ला मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण त्यातली एक गोष्ट डोळ्यांना खरीच दिसते. आयव्ही वाढते. पण का वाढते? हाच स्ट्रॅडल दहा दिवस आधी, म्हणजे एक्सपायरीला २० दिवस असताना पाहू. साधे १९ दिवस ५९ देतात, रिझल्टचे ३६ तेच, एकूण ९५. वर्गमूळ ९.७५, म्हणून स्ट्रॅडल ७८ चा आणि आयव्ही ३४-३५ टक्के. दहा दिवस गेले, शेअर पुन्हा १००० वरच आहे. आयव्ही ३५ वरून ४० वर गेली आणि स्ट्रॅडल ७८ वरून ६४ वर आला. शांत दिवस गळत गेले आणि रिझल्टचा एक दिवस तसाच उरला, म्हणून उरलेल्या दिवसांची सरासरी चढली. चार्टवर चढणारी आयव्ही बघून खूश होणारा माणूस रोज थीटा, म्हणजे दिवस सरल्याने घटणारी किंमत, भरत असतो. मधल्या दिवसांत शेअर जोरात हलला, किंवा रिझल्टबद्दलची बाजाराची अपेक्षाच ६ वरून ९ टक्क्यांवर गेली, तरच लवकर घेतल्याचा फायदा होतो. नुसत्या तारखेच्या जवळ येण्याने तो मिळत नाही.

एक्सपायरीपर्यंत धरण्याबद्दल फार बोलायला नको. रिझल्टमुळे पडलेली आयव्ही परत यायला नवं कारण लागतं. शेअर १००० वर उघडला आणि हातात ४२ चा स्ट्रॅडल उरला, तर ६४ वसूल व्हायला एक्सपायरीला भाव ९३६ च्या खाली किंवा १०६४ च्या वर हवा. २८ टक्के व्होलॅटिलिटीने ती शक्यता पाचात एकदाच्या थोडी वर आहे. तो स्ट्रॅडल आज ४२ ला नव्याने विकत घेतला असता का, एवढं स्वतःला विचारायचं. उत्तर नाही असेल तर धरण्याचं कारणही नाही. आणि शेअर १०३० ला गेला असेल, तर हातात उरलेली पोझिशन आता तटस्थ नाही. ती तेजीकडे झुकलेली आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

रिझल्टची किंमत किती लावली आहे, हे खरेदीआधी दोन एक्सपायरींवरून काढता येतं. समजा १० दिवसांचा स्ट्रॅडल ६४ चा आणि ३० दिवसांचा ९० चा आहे, आणि दोन्हींत हा एकच रिझल्ट येतो. टक्क्यांत ६.४ आणि ९. दोन्हींना ०.८ ने भागून वर्ग करा, ६४ आणि सुमारे १२६ येतात. फरक ६२, तो जास्तीच्या २० साध्या दिवसांचा, म्हणजे दिवसाला ३.१. जवळच्या एक्सपायरीतले नऊ साधे दिवस त्याने २८ होतात. ६४ मधून २८ गेले, उरले ३६, वर्गमूळ ६ टक्के. याची तुलना त्याच शेअरच्या मागच्या रिझल्टच्या दिवसांशी करायची, पण चिन्ह सोडून घेतलेली सरासरी हालचाल ६ शी नाही, तिच्या ०.८ पटीशी, म्हणजे ४.८ शी. बरेच जण ती स्ट्रॅडलच्या पूर्ण ६.४ टक्क्यांशी लावतात. त्या ६.४ मध्ये नऊ साध्या दिवसांचेही पैसे असतात, त्यामुळे रिझल्टचा भाव आहे त्यापेक्षा महाग दिसतो.