फ्लू एकाच मोसमात दोनदा होऊ शकतो, आणि होऊन गेल्यावरही लस कामाची असते

"एकदा फ्लू होऊन गेला की त्या सीझनला पुन्हा होत नाही. आजारातून येते ती खरी प्रतिकारशक्ती, लशीची कच्ची. त्यामुळे फ्लू झालेल्याने लस घेणं म्हणजे पैसे पाण्यात."

फ्लूबद्दलच्या या फिरत्या संदेशातलं पहिलं वाक्य साफ चूक आहे. दक्षिण अटलांटिकमध्ये ट्रिस्टन दा कुन्या नावाचं बेट आहे. ते जगापासून इतकं तुटलेलं, की साथ आली तर ती बोटीनेच येते आणि कोण कधी आजारी पडलं हे घरोघर मोजता येतं. ऑगस्ट १९७१मध्ये केपटाउनहून आलेल्या बोटीतून काही बेटवासी परतले, ते वाटेतच आजारी पडले होते. बेटावर तेव्हा २८४ माणसं होती. पुढच्या दोनेक महिन्यांत त्यातल्या २७३ जणांना या साथीने गाठलं. त्यातले ९२ जण बरे झाले आणि पुन्हा आजारी पडले. म्हणजे जवळपास दर तिसऱ्या माणसाला एकाच साथीत दोनदा.

ही साथ एच३एन२ या फ्लूच्या विषाणूची होती. दुसऱ्यांदा पडलेल्या प्रत्येकाची प्रयोगशाळेत खात्री झालेली नाही, त्यामुळे ९२ हा आकडा थोडा सैल धरायला हवा. पण पुढे अभ्यासकांनी या नोंदींवर गणिती प्रारूपं लावून पाहिली, तेव्हा दोन कारणं सर्वांत पटणारी ठरली. एक तर काही जणांच्या शरीरात पहिल्या आजारानंतर पुरेसं संरक्षण तयारच होत नाही. दुसरं म्हणजे बरं वाटू लागल्यापासून संरक्षण पक्कं होईपर्यंत मध्ये एक उघडा काळ राहतो, आणि घरात विषाणू फिरत असेल तर तेवढा काळ पुरतो. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत चिलीमध्ये असे तीन रुग्ण सापडले. त्यांच्यात त्याच एच१एन१ने काही आठवड्यांत पुन्हा संसर्ग झाल्याचं चाचणीने दिसलं.

तरीही एकाच प्रकाराचा फ्लू लागोपाठ दोनदा होणं विरळाच. नेहमी घडतं ते वेगळं. फ्लू हा एक विषाणू नाही. माणसांत सध्या फिरतात ते मुख्यतः तीन: ए गटातले एच१एन१ आणि एच३एन२, आणि बी गटातला व्हिक्टोरिया. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या ज्या प्रथिनाला आपली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणू अडवण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिनं, पकडतात, ते या तिघांत इतकं वेगळं असतं की एकासाठी तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याला फारशी चिकटत नाहीत. महाराष्ट्रात तर फ्लू वर्षात दोनदा डोकं वर काढतो, पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास. कधी एक प्रकार जोरात असतो, कधी दोन एकत्र फिरतात. जुलैत एच१एन१ झालेल्याला सप्टेंबरमध्ये एच३एन२ होण्यात आश्चर्य काही नाही.

मात्र दुसरा ताप आला म्हणजे तो दुसरा फ्लूच, असंही नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात डेंगी असतो, सर्दीचे इतर विषाणू असतात. आणि एक विशेष धोक्याचा नमुना असतो: फ्लू उतरतो, एकदोन दिवस माणूस उठून बसतो, मग पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, खोकल्यातून पिवळा-हिरवा कफ पडतो, छातीत दुखतं, धाप लागते. हा बहुधा जिवाणूंचा न्यूमोनिया असतो. फ्लूने श्वासनलिकांचं आतलं अस्तर सोललेलं असतं, तिथे जिवाणूंना आयती जागा मिळते. "पुन्हा फ्लूच आला असेल, जाईल आपोआप" म्हणत अशा वेळी घरी बसणं जिवावर बेतू शकतं.

नेमका प्रकार कळायला आरटी-पीसीआर लागते, तीही प्रकार सांगणारी. दवाखान्यातली झटपट पट्टी फार तर ए की बी एवढंच सांगते. जुलैतही ए आणि सप्टेंबरमध्येही ए आला, तर तोच फ्लू परतला की नवा आला, हे त्या पट्टीवरून कळत नाही. शिवाय झटपट चाचणी निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही, असंही धरता येत नाही. खरा फ्लू असूनही ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते.

आता खरी आणि कच्ची प्रतिकारशक्ती. इथे त्या संदेशात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. खऱ्या संसर्गात शरीराला पूर्ण विषाणू दिसतो. त्यामुळे नाकातल्या अस्तरात, म्हणजे विषाणू शिरतो त्या दारातच, प्रतिपिंडं तयार होतात. विषाणूच्या आतल्या प्रथिनांना ओळखणाऱ्या टी पेशी नावाच्या संरक्षक पेशीही तयार होतात. इंजेक्शनची लस मुख्यतः पृष्ठभागावरच्या एकाच प्रथिनाविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार करते. म्हणून ज्या प्रकाराचा फ्लू झाला, नेमक्या त्याच प्रकारापुरतं पाहिलं तर आजाराने मिळालेलं संरक्षण बहुधा लशीपेक्षा सरस आणि जास्त टिकाऊ असतं. लशीचं काही महिन्यांत ओसरू लागतं. ती अडवते तेही पूर्ण नाही: अनेक देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर एच१एन१विरुद्ध साधारण ६० टक्के, बीविरुद्ध पन्नासच्या थोडं वर, आणि एच३एन२विरुद्ध जेमतेम ३३ टक्के.

पण ही तुलना अर्धवट आहे. आजार तुम्हाला एका प्रकाराविरुद्ध तयार करतो, लस तिन्ही प्रकारांविरुद्ध. टी पेशी दुसऱ्या प्रकाराचा फ्लू सौम्य करायला मदत करू शकतात, पण संसर्ग अडवण्याचा भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही.

आणि त्या खऱ्या प्रतिकारशक्तीसाठी आधी फ्लू सोसावा लागतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एका अभ्यासात चाचणीने फ्लू ठरलेल्या रुग्णांमध्ये पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण त्यांच्याच एरवीच्या काळापेक्षा सुमारे सहापट दिसलं. तरुण, धट्टाकट्टा माणूस आठवड्याभरात उठतो. गरोदर बाई, मधुमेह असलेले आजोबा, दमा असलेलं मूल यांच्यासाठी हा हिशेब अगदी वेगळा आहे. लशीचा त्रास बहुतेकांना दंड दुखणं आणि एखादा दिवस कणकण, एवढाच.

राहिला पैशांचा मुद्दा. जुलैत फ्लू झाला आणि त्याचा प्रकार माहीत नसेल, तर उरलेल्या मोसमात किमान दोन प्रकारांसाठी तुम्ही जवळजवळ उघडेच आहात. तेव्हा ताप उतरून बरं वाटू लागलं की लस घेता येते. साधी सर्दी उरली असेल तरी अडत नाही, ताप असताना मात्र थांबावं. भारतात सर्रास टोचल्या जाणाऱ्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे आजारावर आजार चढण्याचा प्रश्न येत नाही. टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून घरात कोणी खोकायला लागल्यावर धावपळ करून फारसा उपयोग नाही. आपल्याकडचा मोठा भर पावसाळ्यातला, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये घेतलेली लस सर्वांत कामी येते. घेताना कुपीवरचं वर्ष आणि मोसम डॉक्टरांना दाखवायला सांगावं, कारण लशीतले प्रकार बदलत्या विषाणूप्रमाणे दरवर्षी नव्याने ठरवले जातात आणि फ्रिजमध्ये कधी गेल्या मोसमाची कुपी उरलेली असते.