विम्याच्या दाव्याचा अनुभव लिहिताय? आधी तारखा विसरा

आरोग्य विम्याचा दावा एकदाचा निकाली निघाला, आणि आता तुम्हाला त्याबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत. उत्तम. अशा वेळी सगळ्यात मोठा धोका एकच असतो: तुमचं लिखाण वाचून कुणीतरी शहाणं होण्याचा. तो टाळायचा कसा, याचा थोडाफार अनुभव माझ्या गाठीशी आहे. बायकोच्या पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया झाली, आधी बिल आम्ही भरलं आणि मग दावा लावला. त्यातून जे शिकलो ते तुमच्या चरणी ठेवतो.

पहिली गोष्ट, परीक्षण पॉलिसी घेतली त्याच दिवशी लिहून टाकावं. त्या दिवशी प्रतिनिधी घरी आलेला असतो, हसतमुख असतो, फोन पहिल्या घंटेला उचलतो. एवढा आनंद पुढे कधी मिळेल याची खात्री नाही. ‘अतिशय मदतीला धावणारे लोक, सगळं काही कव्हर आहे’ असं लिहून पाच तारे ठोकावेत. दावा हा त्या नात्यातला एक किरकोळ तपशील आहे. लग्नाचा अल्बम हॉलमध्येच मागितल्यासारखं हे आहे, पण फोटो छान येतात.

याच आनंदात अर्ज भरण्याचं कामही प्रतिनिधीवर सोपवावं. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी ‘आधीचे काही आजार?’ या रकान्याखाली इतक्या चपळाईने एका रांगेत ‘नाही’ खुणावलं, की बायको ‘मला पित्ताचा त्रास...’ म्हणेपर्यंत ते पान उलटून वारसदाराच्या नावापर्यंत पोचले होते. ‘मॅडम, पित्त सगळ्यांनाच असतं,’ ते म्हणाले. वैद्यकीयदृष्ट्या यात चूक काढायला जागा नाही.

विकताना दिलेली आश्वासनं मात्र मनातच ठेवावीत, लेखी मागून माणसाचा अपमान करू नये. मी विचारलं होतं, ‘खोलीचं काय?’ उत्तर आलं, ‘सर, कुठलीही घ्या, बिनधास्त.’ पॉलिसीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्क्यापर्यंतच मिळेल. दोन्ही वाक्यं मराठीत सांगता येण्यासारखी होती, पण मला त्यातलं एकच सांगण्यात आलं. पुस्तिका हातात पडल्यावर ठरावीक दिवसांत पॉलिसी परत करता येते, ती याच दोन वाक्यांची गाठ घालून देण्यासाठी. ते दिवस मी पुस्तिका नीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालण्यात घालवले. तुम्हीही तसंच करा. धूळ बसत नाही.

आता गणित. परीक्षणात हे अजिबात येऊ देऊ नका, कारण एकदा वाचलं की माणूस ते विसरत नाही. आम्ही जी खोली घेतली तिचं भाडं मर्यादेच्या दीडपट होतं. म्हणजे मर्यादा ही भाड्याच्या दोन तृतीयांश. मी समजत होतो की वरचा फरक खिशातून जाईल आणि विषय संपेल. एकूण बिलाचे १०० भाग धरा. त्यात खोलीचे १८. शस्त्रक्रियेचं दालन, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचर्या मिळून ५४. औषधं आणि तपासण्यांचे २०. आणि हातमोजे, टोप्या, पट्ट्या वगैरे ८. खोलीच्या १८ चे १२ झाले, इथवर माझा हिशेब बरोबर. पण आमच्या पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचं कलम होतं. खोली महाग घेतली की तिच्याशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात खाली येतात. मग ५४ चे ३६ झाले. औषधं आणि तपासण्यांना हे प्रमाण लागत नव्हतं, ते २० पूर्ण. हातमोज्यांचे ८ ‘देय नाही’ या रकान्यात गेले. एकूण ६८.

म्हणजे खोलीवर ६ भाग जास्त गेले, आणि त्या ६ भागांनी स्वतःबरोबर आणखी १८ भाग बाहेर नेले. खिडकी मात्र मोठी होती, हे कबूल केलं पाहिजे.

परीक्षणात तुम्ही एवढंच लिहा: ‘बत्तीस टक्के कापले, चोर आहेत.’ यातले २४ खोलीच्या कलमाचे आणि ८ न दिल्या जाणाऱ्या वस्तूंचे, असं फोडून लिहिलंत तर पुढचा वाचक पॉलिसी घेण्याआधी खोलीची मर्यादा बघेल, निदान दाखल होताना मर्यादेत बसणारी खोली मागेल. मग तुमच्या दुःखाला वेगळेपण काय राहिलं?

कागदपत्रांबद्दलचा सल्ला सोपा आहे. सगळं एका पिशवीत भरून मूळ प्रती द्या, यादी करू नका, पोच घेऊ नका. मी इथे चुकलो. बायकोने १ ते २२ क्रमांक घालून यादी केली, तिच्यावर स्वीकारल्याचा शिक्का घेतला आणि सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. परिणाम काय झाला? काढलेल्या पित्ताशयाच्या तुकड्याची प्रयोगशाळेत तपासणी झाली होती, तिचे ३ भाग ‘अहवाल जोडलेला नाही’ या शेऱ्याने कापले गेले आणि सुरुवातीला हातात ६५ च आले. बायकोने यादीतल्या क्रमांक १४ भोवती गोल केला, शिक्क्याची प्रत जोडली आणि दोन ओळींचं पत्र पाठवलं. ते ३ भाग मिळाले. एका चांगल्या तक्रारीचा असा अंत झाला.

खरी मजा मात्र केसपेपरमध्ये असते. दाखल होताना एक तरुण डॉक्टर येतात, विचारतात ‘त्रास कधीपासून?’ आणि आपण जे बोलू ते लिहून घेतात. अशा वेळी मनमोकळं बोलावं. बायको म्हणाली, ‘दुखतंय पंधरा दिवसांपासून. तसं पित्त दोन वर्षं आहेच.’ तिला म्हणायचं होतं जेवण चुकलं की छातीत होणारी जळजळ. डॉक्टरांनी पित्त आणि पित्ताशय यांच्यातलं अंतर पेनाच्या एका फटकाऱ्यात मिटवलं आणि लिहिलं: त्रास २ वर्षांपासून. पॉलिसी होती दीड वर्षाची.

झालं. आजार पॉलिसीच्या आधीचा आणि अर्जात लपवलेला, असा संशय उभा राहायला इतकं पुरतं. विचारणा आली की पहिल्या तपासणीचे कागद आणि रोगाचा कालावधी सांगणारं डॉक्टरांचं पत्र द्या. खडे पहिल्यांदा दिसले त्या सोनोग्राफीची तारीख दाखल होण्याच्या फक्त ९ दिवस आधीची होती, तिने आम्हाला वाचवलं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही लिहून दिलं की जुनी तक्रार आम्लपित्ताची, तिचा खड्यांशी संबंध नाही. घरी येताना मिळणारा सारांश बाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून वाचला असता आणि ‘२ वर्षं’ तेव्हाच दुरुस्त करून घेतलं असतं, तर हे पत्रही लागलं नसतं. पण घरी जायच्या घाईत कोण वाचतो? तुम्ही तर मुळीच वाचू नका.

आता वेळ. कंपनी म्हणते, दावा १५ दिवसांत निकाली. हे खरं आहे, आणि म्हणूनच इतकं सुंदर आहे. आमच्या तारखा अशा: घरी आल्यावर ४ थ्या दिवशी कागद दिले. १३ व्या दिवशी पहिली विचारणा, अंतिम पावती स्पष्ट दिसत नाही. १५ व्या दिवशी आम्ही उत्तर दिलं. २७ व्या दिवशी दुसरी विचारणा, पित्ताची. रुग्णालयाच्या अभिलेख विभागात चकरा मारून ३६ व्या दिवशी उत्तर. ५१ व्या दिवशी मंजुरी, ५४ व्या दिवशी खात्यात पैसे. कंपनीचं घड्याळ ‘शेवटचं आवश्यक कागदपत्र’ मिळाल्यापासून सुरू होतं, म्हणजे ३६ ते ५१. मोजा, बरोबर १५. शेवटचा कागद कोणता हे मात्र तो मागेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, बहुधा मागणाऱ्यालाही.

प्रामाणिकपणाचा फारच झटका आला तर कुणी असंही लिहील की एकूण ५० दिवस लागले, त्यातले ११ आमच्याकडे गेले आणि ३९ त्यांच्याकडे. दोन्ही प्रश्न ज्या कागदांवरून निघाले ते पहिल्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर होते, मग दुसरा प्रश्न पहिल्याबरोबर का विचारला नाही, असंही तो पुढे विचारील. असल्या परीक्षणातून दोन कंपन्यांची तुलना करता येते. म्हणून तुम्ही ‘महिनोन्महिने रखडवलं’ असं लिहा, किंवा पैसे आलेच असतील तर ‘शेवटी मिळाले, समाधानी’. दोन्हींत माहिती सारखीच आहे.

प्रतिनिधीला मी फोन केला होता. तो ‘बिनधास्त’ म्हणाला होता, याची त्याला आठवण करून दिली. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, खोली घेतलीत ना? मिळाली ना? मी तेच म्हणालो होतो.’ माझं पित्त खवळलं, पण ते कुणाला सांगितलं नाही. केसपेपरवर लिहून ठेवलं तर काय घ्या.

तारे द्यायची विनंती कंपनीकडून आली होती, ती कागद दिले त्या ४ थ्या दिवशी. ‘दावा नोंदवण्याचा अनुभव कसा वाटला?’ नोंदवणाऱ्या मुलीचा आवाज गोड होता, शिक्काही लगेच मिळाला होता, म्हणून मी पाच दिले. ५४ व्या दिवशी पैसे आल्यावर दुरुस्ती करावी म्हणून तीच लिंक पुन्हा उघडली. पानावर लिहिलं होतं, आपला अभिप्राय याआधीच नोंदवला आहे, धन्यवाद.